चित्रावरून गोष्ट, इयत्ता तिसरी: मधला चौकोन रिकामाच राहतो, काय करू?

खडू_फळा
नमस्कार मंडळी. धुळे जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. पट २७. या महिन्यात मुलांकडून चित्र पाहून गोष्ट लिहून घेतेय आणि एका जागी अडकलेय.

चित्र मीच काढलं. चिंचेचं झाड, खाली एक मुलगी. पाय अनवाणी, एक चप्पल हातात, दुसरी वर फांदीत अडकलेली. जवळच्या फांदीवर कावळा, जमिनीवर दप्तर, लांब रस्त्यावर धूळ उडवत येणारी एसटी. वाटलं, एवढं सगळं दिलंय तर मुलं भरभरून लिहितील.

नियोजनासाठी पानावर एकाखाली एक तीन चौकोन आखून दिले: सुरुवात, मध्य, शेवट. आधी चौकोन भरायचे, मग त्यावरून गोष्ट लिहायची. २७ पैकी १९ मुलांचं थोड्याफार फरकाने हे आलं:

सुरुवात: एक मुलगी होती.
मध्य: ती झाडाखाली उभी होती.
शेवट: ती घरी गेली.

आणि गोष्ट म्हणून तीच तीन वाक्यं खाली पुन्हा उतरवली. चौघांनी मधला चौकोन कोरा सोडला. हीच मुलं मधल्या सुट्टीत कुणाच्या शेतात कोण शिरलं आणि कुत्रं कसं मागे लागलं ते हातवारे करून दहा मिनिटं सांगतात. मग कागदावर काय होतं? चौकोनच चुकीचे आहेत, की मी?

उगाच_एक
एक मुलगी होती. ती झाडाखाली उभी होती. ती घरी गेली.
बाई, याला नवकथा म्हणतात. पुरस्कारासाठी पाठवा.

बाबा_बाबू
चांगला धागा. आमच्या चिरंजीवांनाही तिसरीत चित्रवर्णन आहे. 'बाजाराचे दृश्य' यावर दहा ओळी उद्या द्यायच्या आहेत. कोणाकडे तयार असतील तर इथेच टाका, प्लीज. चित्रात भाजीवाली, फुगेवाला, गाय आणि एक पोलीस आहे.

चिंचगूळ
बाबू, दहा ओळी मुलाला लिहू द्या की. पोलीस आणि गाय एकाच चित्रात म्हणजे अर्धी गोष्ट झालीच आहे.

मोरपंखी_८२
खडू_फळा ताई, मी खासगी शाळेत तिसरी-चौथीला मराठी शिकवते. सोपा उपाय सांगते. फळ्यावर आधी शब्द द्या: चप्पल, फांदी, कावळा, चिंच, एसटी, दगड, काठी. बाजूला वाक्यं जोडणाऱ्या शब्दांचा तक्ता लावा: एके दिवशी, थोड्या वेळाने, तेवढ्यात, अचानक, शेवटी. मुलांना शब्द मिळाले की वाक्यं आपोआप येतात. माझ्या वर्गातली मुलं पानभर लिहितात.

खडू_फळा
शब्द दिले होते ताई, सात-आठ. मुलांनी प्रत्येक शब्दाचं एकेक वाक्य केलं. 'फांदी आहे. कावळा आहे. एसटी आहे.' तक्ता मात्र नव्हता लावला, तो करून बघते.

जुना_गुरुजी
मी ३१ वर्षं प्राथमिकला होतो, त्यातली बरीच दुसरी-तिसरीवर गेली. आता घरी बसून नातवाचा गृहपाठ बिघडवतो. जे कळलं ते सांगतो.

तुमचं चित्र चांगलं आहे. चौकोनही ठीक आहेत. मुलांना एकच गोष्ट कुणी सांगितलेली नाही, ती म्हणजे हे चित्र कुठल्या चौकोनातलं आहे.

चित्र हा एक क्षण असतो. गोष्टीला वेळ लागतो. मूल चित्राकडे बघतं तेव्हा त्याला वाटतं, सगळी गोष्ट या कागदावरच आहे, आपण ती तीन ठिकाणी वाटायची. म्हणून मुलगी पहिल्या चौकोनात, झाड दुसऱ्या चौकोनात. तिसऱ्यात टाकायला चित्रात काही उरत नाही, मग ती घरी जाते. तुमच्या १९ मुलांनी गोष्ट लिहिलीच नाही, चित्राचं वर्णन तीन तुकड्यांत केलं. बाबा_बाबूंच्या बाजाराच्या दहा ओळी आणि ही गोष्ट, दोन्ही चित्रावरूनच, पण कामं वेगळी. पहिल्या कामात 'काय काय दिसतं' ते लिहायचं, दुसऱ्यात 'काय दिसत नाही' ते.

मी असं करायचो. चित्र फळ्याच्या मधोमध चिकटवायचं. डावीकडे एक कोरा कागद, उजवीकडे एक कोरा कागद. विचारायचं, हा फोटो काढायच्या पाच मिनिटं आधी कुणी आलं असतं तर त्याला काय दिसलं असतं? ते डावीकडे. फोटोनंतर काय झालं असेल? ते उजवीकडे. चित्र मध्यात गेलं की मधला चौकोन कोरा राहतच नाही, तो आधीच भरलेला असतो. मुलांना फक्त दोन्ही बाजूंना जायचं असतं.

आणि चौकोन वरून खाली भरून घेऊ नका. आधी मधला: हिची अडचण काय? मग शेवटचा: ती सुटली का, कशी? सुरुवात सगळ्यात शेवटी: ही अडचण आलीच कशी? सुरुवातीपासून भरायला बसवलं की मूल 'एक गाव होतं, तिथे एक मुलगी होती, तिचं नाव सुमन होतं, तिला एक भाऊ होता' करत बसतं आणि तास संपतो.

उगाच_एक
गुरुजी, दंडवत. नातवाचा गृहपाठ असाच बिघडवत राहा.

नदीकाठ
थोडं अवांतर. अॅरिस्टॉटलने मध्याची व्याख्या अशीच केली होती: ज्याच्या आधीही काहीतरी असतं आणि नंतरही काहीतरी येतं, तो मध्य. तो शोकांतिकांबद्दल बोलत होता, पण फांदीत अडकलेली चप्पल या व्याख्येत चपखल बसते. आधी कुणीतरी ती फेकलेली असणार, नंतर काहीतरी होणार.

उगाच_एक
'चपखल' की 'चप्पल'?

एडिसनची_आई
(आयडी गावावरून आहे, बल्बवाल्यावरून नाही. आम्ही न्यू जर्सीत असतो.)

माझा मुलगा इथे तिसरीत आहे. त्यांच्याकडे हेच तीन चौकोन पहिलीपासून असतात, बिगिनिंग-मिडल-एंड. इथल्या तिसरीच्या अपेक्षांमध्ये गोष्टीत प्रसंग उभा करणं, पात्रांचे संवाद, काळ दाखवणारे शब्द आणि 'गोष्ट संपली' असं वाटेल असा शेवट एवढं धरलेलं असतं. कागदावर छान दिसतं. घरी काय होतं ते सांगते.

तो चौकोनांतच पूर्ण गोष्ट लिहून टाकायचा, बारीक अक्षरात, कडेकडेने. मग बाई म्हणायच्या, आता ती पानावर लिही. हा म्हणायचा, मी लिहिली की! आणि त्याचं बरोबरच होतं. त्याच्या दृष्टीने तेच काम दोनदा. दुसऱ्यांदा लिहिताना तो कंटाळून वाक्यं गाळायचा, त्यामुळे गोष्ट नियोजनापेक्षा छोटी निघायची.

शेवटी त्याच्या बाईंनी चौकोनात वाक्य लिहायलाच बंदी केली. प्रत्येक चौकोनात एक झटपट रेघोट्यांचं चित्र आणि जास्तीत जास्त चार शब्द. त्यावरून आधी शेजारच्या मुलाला गोष्ट सांगायची, मग लिहायची. तिथून फरक पडला. खडू_फळा, तुमच्या मुलांनी 'तीच तीन वाक्यं पुन्हा उतरवली' ते वाचून हेच आठवलं. चौकोनात वाक्य असेल तर मूल ते उतरवणारच. 'चप्पल – दगड – नाही पडली' असं असेल तर उतरवता येत नाही, त्याचं वाक्य करावंच लागतं.

आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मात्र उलटी गंमत. तिथे मुलांना गोष्ट सुचते इंग्रजीत आणि चौकोनात चार मराठी शब्द आणताना घाम फुटतो. तिथे आम्ही चौकोनात फक्त चित्रं ठेवतो.

खडू_फळा
अगं बाई, हे माझ्या लक्षातच आलं नाही! मी चौकोनात दोन-दोन ओळी आखून दिल्या होत्या. ओळ आखली की मूल वाक्य लिहिणारच.

वाऱ्यावरची_वही
माफ करा, पण मला हा सगळा खटाटोपच पटत नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या कल्पनेला तीन डबे कशाला? लहानपणी आम्ही ज्या गोष्टी रचल्या त्यांना ना सुरुवात होती ना शेवट. चित्र द्या आणि मोकळं सोडा. ज्याला लिहायचं तो लिहील. चौकटीत बसवून बसवून आपण सगळ्यांना एकसारखं करतो आणि मग मराठीत लेखक का नाहीत म्हणून गळा काढतो.

चिंचगूळ
मोकळंच सोडलं होतं हो, माझ्या लेकाच्या वर्गात. 'चित्र पाहा आणि मनाने लिहा.' त्याने मनाने लिहिलं: 'मला काही सुचत नाही.'

जुना_गुरुजी
वही, तुमच्यासारखी मुलं दर वर्गात तीन-चार असतात. त्यांना चौकोन देऊ नयेत, मी पण देत नव्हतो. बाकीच्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिसरीच्या मुलाला एका वेळी किती गोष्टी सांभाळायच्या असतात बघा. 'चिंच'वर अनुस्वार द्यायचा की नाही, पेन्सिलीचं टोक मोडलं, ओळ तिरकी जातेय, आणि याच वेळी पुढे काय होतं तेही आठवायचं. एक शब्द लिहीपर्यंत पुढचा प्रसंग डोक्यातून उडून जातो. तोंडी सांगताना उडत नाही, कारण तोंड हातापेक्षा वेगाने चालतं. चौकोन कल्पनेसाठी नाहीत, उडून जाणाऱ्या प्रसंगाला पकडून ठेवायला आहेत. खुंटी म्हणा.

वाऱ्यावरची_वही
खुंटी मान्य. पण ती सरसकट सगळ्यांना आणि वर्षभर नको. पुढे चौथी-पाचवीतही मुलं तीन परिच्छेदांच्या बाहेर जायला घाबरतात, हे मी पाहिलंय.

जुना_गुरुजी
ते खरं आहे. कधी काढून घ्यायची, याचं नेमकं उत्तर माझ्याकडे नाही. मी दिवाळीनंतर ऐच्छिक करायचो. काही मुलं तरीही स्वतःच आखून घेत.

खडू_फळा
गुरुजी, एक शंका. चित्र मध्यात ठेवलं तरी मधल्या चौकोनात 'चप्पल अडकली' एवढंच येतं आणि लगेच शेवट: 'मग तिने काढली. मग ती घरी गेली.' आज तीन मुलांना बाजूला घेऊन करून बघितलं. मध्य भरला, पण एका वाक्यात संपला. आणि सगळीकडे मग, मग, मग.

मोरपंखी_८२
म्हणून तर जोडणाऱ्या शब्दांचा तक्ता म्हणाले. 'मग'ऐवजी 'त्यानंतर', 'थोड्या वेळाने' असं बदलून लिहायला लावायचं.

जुना_गुरुजी
मोरपंखी बाई, तक्त्याला विरोध नाही. पण 'मग तिने काढली'चं 'थोड्या वेळाने तिने काढली' केल्याने कपडे बदलले, माणूस तोच राहिला. 'मग'चा दोष शब्दात नाही. 'मग'ने फक्त पुढचं येतं, अडत काहीच नाही. मधल्या चौकोनाला 'पण' लागतो.

खडू_फळा, मुलांना चिऊ-काऊची गोष्ट येते ना? शेणाचं घर पावसात वाहून जातं, कावळा चिमणीचं दार वाजवतो. चिमणीने पहिल्याच हाकेला दार उघडलं असतं तर गोष्ट कुठे असती? ती म्हणते, थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. थांब, त्याला पावडर लावते. थांब, तीट लावते. कावळा भिजत उभा. मुलांना सगळ्यात जास्त काय आवडतं? तो भिजण्याचा भागच. तोच मध्य. भोपळ्यातल्या म्हातारीचंही तसंच. कोल्हा भेटतो, वाघ भेटतो, एकदाच भेटून भागत नाही.

तेव्हा मधला चौकोन आडवा कापून तीन पट्ट्या करा. पहिल्या पट्टीत अडचण. दुसरीत 'केलं काय, पण…'. तिसरीत पुन्हा 'केलं काय, पण…'. दोनदा प्रयत्न फसला पाहिजे. तिसऱ्यांदा काय होतं ते शेवटच्या चौकोनात. तिसरीला दोन फसलेले प्रयत्न पुरतात, जास्त मागू नका, हात दुखतो.

नदीकाठ
'कावळा भिजत उभा, तोच मध्य' हे मोठ्यांच्या कादंबऱ्यांनाही लागू आहे. साठवून ठेवतो.

बाबा_बाबू
मंडळी, बाजाराच्या दहा ओळी झाल्या. पण सहज म्हणून मी चिरंजीवांना विचारलं, या पोलिसाची अडचण काय? तर म्हणाला, गाय पोलिसाची टोपी खातेय. चित्रात तसं काही नाही. आता तो दहा ओळींऐवजी टोपीचंच लिहायचं म्हणून हटून बसलाय. उद्या बाई मार्क कापतील का?

चिंचगूळ
वर्णन मागितलं असेल तर कापतील. टोपी वेगळ्या वहीत लिहू द्या. आणि इथे टाका!

एडिसनची_आई
शेवटाबद्दल कुणीच बोलत नाही. माझ्या मुलाचे तीनच शेवट असतात: ते स्वप्न होतं, सगळे पिझ्झा खायला गेले, किंवा स्फोट.

उगाच_एक
आमच्या वेळी पिझ्झा नव्हता, सगळे सुखाने नांदू लागायचे. स्फोट नांदण्यानंतर व्हायचा.

जुना_गुरुजी
शेवट तपासायची एक युक्ती आहे, मुलांनाही करता येते. मधल्या चौकोनावर तळहात ठेवायचा आणि सुरुवात नि शेवट वाचायचा. गोष्ट तरीही पूर्ण वाटली तर शेवट उसना आहे. 'एक मुलगी होती. ती घरी गेली.' हात ठेवा, काही हरवल्यासारखं वाटतं का? नाही. स्वप्न, पिझ्झा, सुखाने नांदणं हे कुठल्याही गोष्टीला चिकटतं. ज्या शेवटाला मधल्या अडचणीचा वास येतो, तो आपला. 'ती एक चप्पल घालून घरी गेली' म्हटलं की ऐकणारा विचारतो, दुसरी कुठेय? म्हणजे हाताखाली काहीतरी आहे.

शेवट आनंदीच हवा असं मुळीच नाही. अडचण सुटली नाही तरी चालेल, पण तिचं काय झालं ते कळलं पाहिजे.

मोरपंखी_८२
इथे थोडं असहमत. तपासणाऱ्याला बोध लागतो. आमच्याकडे गोष्टीखाली 'तात्पर्य' लिहायला लावतात, नाही लिहिलं तर एक गुण जातो. मुलांचं नुकसान का करायचं?

वाऱ्यावरची_वही
'तात्पर्य: चिंच पाडायला चप्पल वापरू नये.' अशाने ती मुलगी पुन्हा झाडाकडे बघणार नाही.

मोरपंखी_८२
हसा, पण पालक गुणच बघतात.

खडू_फळा
सर्वांचे आभार. उद्यापासून नव्याने सुरू करते. तीन दिवस लावणार आहे, एका तासात कोंबणार नाही. पहिल्या दिवशी फक्त बोलणं आणि चौकोन, दुसऱ्या दिवशी लिहिणं, तिसऱ्या दिवशी जोडीदाराला वाचून दाखवणं. परत येऊन सांगते.

उगाच_एक
सगळे असंच म्हणतात आणि मग धागा फांदीत अडकतो.

खडू_फळा
(दोन आठवड्यांनी)

आले बघा. उशीर झाला, मध्ये प्रशिक्षण होतं.

पहिल्या दिवशी चित्र फळ्याच्या मधोमध. 'पाच मिनिटं आधी' विचारल्यावर वर्ग एकदम उसळला. चप्पल वर कशी गेली याची सात उत्तरं आली: चिंच पाडायला फेकली, भावाने फेकली, कुत्र्याला मारायला गेली, कावळ्याने उचलून नेली, माकडाने नेली, वादळ आलं होतं, आणि एकाचं म्हणणं चप्पल त्या झाडालाच येते. मी फळ्यावर एकही लिहिलं नाही. मागच्या वेळी शब्द लिहिले तेव्हा सगळ्यांचं एकच आलं होतं, हे आता जाणवलं. मोरपंखी ताई, राग मानू नका. शब्द मी दुसऱ्या दिवशी दिले, चौकोन भरून झाल्यावर आणि जे मूल विचारेल त्यालाच, त्याच्या वहीच्या कडेला. जोडणाऱ्या शब्दांचा तक्ता तिसऱ्या दिवशी लावला. तेव्हा त्याचा उपयोग झाला, कारण बदलायला काहीतरी लिहिलेलं होतं.

चौकोनात वाक्य नाही, चारच शब्द किंवा चित्र. मधला चौकोन तीन पट्ट्यांचा. एका मुलीचा कागद जसाच्या तसा देते. पहिल्या वेळी 'एक मुलगी होती' लिहिणाऱ्यांपैकीच ती. आधी मधला भरला:

अडचण: चप्पल आडकली
केलं, पण: दगड, कावळा ओरडला
केलं, पण: काठी, आखुड

मग शेवट: दुसरी पण आडकली, गाडी गेली
मग सुरुवात: चीचा पाडायच्या

दुसऱ्या दिवशी लिहिलेली गोष्ट. ऱ्हस्व-दीर्घ तिचंच ठेवलंय:

'सुमी शाळेतुन येत होती. झाडाला चीचा होत्या. सुमीने चीच पाडायला चप्पल फेकली. चप्पल फांदीत आडकली. सुमीने दगड मारला पण तो कावळ्याजवळ गेला. कावळा खुप ओरडला. सुमी म्हणाली मनी चप्पल दे ना रे. कावळ्याने दिली नाही. सुमीने काठी आणली पण काठी आखुड होती. तेवढ्यात गाडी आली. सुमीने घाईघाईने दुसरी चप्पल फेकून मारली. ती पण आडकली. गाडी निघुन गेली. सुमी पायी पायी घरी गेली. आई म्हणाली चपला कुठं आहे. सुमी म्हणाली झाडाने घातल्या.'

मी वर्गात वाचली आणि शेवटच्या वाक्यावर सगळा वर्ग हसला. तिला आधी वाटलं चूक झाली म्हणून हसतायत. 'तेवढ्यात' आणि 'घाईघाईने' हे दोन शब्द तिसऱ्या दिवशी जोडीदाराला वाचून दाखवल्यावर तिने घातले.

उगाच_एक
'झाडाने घातल्या.'
मी मागे नवकथा म्हणालो होतो ते शब्द मागे घेतो. ही खरी कथा.

जुना_गुरुजी
बाई, एक बघा. 'ती घरी गेली' हे वाक्य याही गोष्टीत आहे. मागच्या वेळी तेच १९ वेळा आलं होतं. आता हात ठेवून बघा, अनवाणी का आली ते कळत नाही. वाक्य जवळपास तेच, पण मधे कावळा भिजून गेलाय.

खडू_फळा
अगदी. पण सगळंच जमलं नाही, तेही सांगते. २७ पैकी १४ मुलांच्या गोष्टीत निदान एक फसलेला प्रयत्न आला. सहा जणांनी पट्ट्या भरल्या, पण लिहिताना चौकोनाकडे बघितलंच नाही, पुन्हा 'चित्रात झाड आहे'वर आले. त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी चित्र काढून ठेवायला हवं होतं बहुतेक, समोर चौकोनच ठेवायचे. पुढच्या वेळी करून बघेन. चौघांना अजून वाक्य लिहिणंच जड जातं. त्यांनी तोंडी सांगितलं, मी लिहून घेतलं, त्यांनी खाली चित्रं काढली. ती 'त्यांची' गोष्ट धरावी की नाही, मला अजून ठरवता येत नाही. उरलेल्या तिघांनी शेजारच्याची उतरवली, कावळ्यासकट.

शिवाय एकाने चित्र मध्यात ठेवायलाच नकार दिला. त्याच्या गोष्टीत सगळी भांडाभांडी आधी होते आणि भावाने चप्पल झाडावर फेकली इथे गोष्ट संपते. म्हणजे चित्र शेवटच्या चौकोनात. मी ठेवू दिलं. बरोबर केलं ना?

जुना_गुरुजी
उत्तम केलंत. चित्र मध्यात ठेवायचं ते वाट सापडावी म्हणून. ज्याला दुसरी वाट सापडली त्याला परत कशाला ओढायचं?

मोरपंखी_८२
राग नाही ताई. शब्द उशिरा द्यायचं मीही करून बघेन. पण 'मनी चप्पल दे ना रे' तसंच ठेवणार? परीक्षेत अहिराणी चालणार नाही.

जुना_गुरुजी
सुमी कावळ्याशी पुस्तकी मराठीत का बोलेल? संवादात ठेवा, बाकीचं निवेदन हळूहळू प्रमाण भाषेकडे न्या.

मोरपंखी_८२
तुम्ही निवृत्त आहात गुरुजी. तपासणी आम्हाला असते.

खडू_फळा
सध्या ठेवलंय. फक्त अवतरण चिन्हं कुठे देतात ते तिला दाखवलं. लाल पेन लावलं नाही. 'चिंच'वरचा अनुस्वार आख्ख्या वर्गाचाच चुकला होता, तो फळ्यावर सगळ्यांना मिळून घेतला.

एडिसनची_आई
ते चित्र पाठवाल का? रविवारच्या शाळेत देते. आमच्या मुलांना चिंच पाडण्याचा अनुभव नाही, पण फ्रिसबी प्रत्येकाची अडकलेली आहे. चपलेऐवजी तीच काढावी का?

चिंचगूळ
चप्पलच ठेवा. फ्रिसबीवर 'झाडाने घातली' सुचणार नाही.

वाऱ्यावरची_वही
तीन डब्यांबद्दलचं मत कायम आहे, पण ज्याला चप्पल झाडालाच येते त्या मुलाने पुढे काय लिहिलं ते कृपया सांगा.

खडू_फळा
त्याने लिहिलं की झाडाला एकाच पायाच्या चपला येतात, म्हणून मुलगी जोड शोधायला दुसऱ्या झाडाकडे जाते. पुढचं लिहायच्या आत घंटा झाली. गोष्ट अर्धीच आहे, पूर्ण करून दे म्हणून मागे लागलेय.

बाबा_बाबू
टोपीच्या गोष्टीची खबर. मध्य लिहून झाला. पोलिसाने गायीला केळं दिलं पण गायीने केळंही खाल्लं आणि टोपीही सोडली नाही. मग फुगा फोडून घाबरवलं, पण गाय घाबरली नाही, भाजीवाली घाबरली. शेवट जेवून लिहितो म्हणाला.

झोपला.